‘तू सांग, मी करतो’ एवढ्यावर भागणार नाही

प्रश्न: नऊ वर्षांच्या खंडानंतर मला लेखा विभागात नोकरी मिळाली आहे. दीड महिन्याने रुजू व्हायचं आहे. वेळ साडेनऊ ते सहा, जायला-यायला पाऊण-पाऊण तास. मुलगी सात वर्षांची, दीड वाजता शाळेतून येते. मुलगा बारा वर्षांचा, तीनला येतो. सासूबाई आमच्याजवळ असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. नवऱ्याचं ऑफिस दहा ते सात. तो म्हणतो, “काय हवं ते सांग, मी करत जाईन.” पण हेही म्हणतो की तुझा निम्मा पगार मुलांना सांभाळणाऱ्या बाईत आणि प्रवासातच जाणार. घरात बोलणी कशी करू? आणि हे जमेल का?

उत्तर: मी गेली बरीच वर्षं समुपदेशक म्हणून कामावर परतणाऱ्या बायकांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करते आहे. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते नवऱ्याचं “काय हवं ते सांग” हे वाक्य. तो मनापासून म्हणत असणार. तरीही नोकरी सुरू झाल्यावर तुमचं बहुतेक ओझं ह्याच वाक्यातून तुमच्याकडे परत येईल, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

घरातलं कुठलंही काम प्रत्यक्ष हाताने करण्याच्या आधी आणि नंतर डोक्यात बरंच काही चाललेलं असतं. ॲलिसन डॅमिंजर ह्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ साली ह्या डोक्यातल्या कामाचे चार भाग मांडले: पुढे काय लागणार आहे हे आधी ओळखणं, त्यासाठी कोणते पर्याय आहेत ते शोधणं, निर्णय घेणं, आणि ठरलं ते झालं का यावर लक्ष ठेवणं. निर्णय घेताना नवरा-बायको बऱ्याचदा दोघं असतात, पण पहिला आणि शेवटचा भाग, म्हणजे आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं, हे जास्त करून बायकोकडेच राहतं, असं त्यांना दिसलं. माझ्यासमोर बसलेल्या जोडप्यांतही मी हेच पाहत आले आहे.

आता मुलीच्या शाळेचं उदाहरण घ्या. तिचे बूट लहान व्हायला लागलेत हे कोणाच्या लक्षात येतं? पुढच्या आठवड्यात शाळेत निळा कागद न्यायचा आहे हे कोण वाचतं? तुम्ही सांगितलंत आणि नवऱ्याने कागद आणला, तर त्याची अर्धा तासाची फेरी झाली. तुमच्या डोक्यातून मात्र काहीच कमी झालं नाही. उलट सांगायचं, आठवण करायची आणि आणला का ते विचारायचं, अशी तीन कामं वाढली. घरी असताना हे दिवसभरात विखुरलेलं असतं, त्यामुळे खपून जातं. साडेनऊ ते सहा एका खुर्चीत बसून महिनाअखेरचे हिशेब जुळवताना ते खपत नाही.

म्हणून बोलणी सुटी कामं वाटण्याची करू नका. एकेक विषय अखंड सोपवण्याची करा. ‘मुलीची शाळा’ हा एक विषय. ज्याच्याकडे तो आहे तोच वर्गाचा ग्रुप वाचतो, बूट पाहतो, कागद आणतो, सूचनांना उत्तर देतो, पालकसभेची तारीख स्वतःच्या कॅलेंडरात टाकतो. दुसऱ्याने त्यात डोकं घालायचं नाही. तुम्ही लेखा विभागातल्या आहात. एखादी नोंदवही दुसऱ्याच्या ताब्यात देताना काय काय द्यावं लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. घरातही सोपवणं तितकंच पूर्ण असावं लागतं: नंबर, पासवर्ड, फाईल कुठे आहे, गेल्या वेळी काय झालं होतं, सगळं.

बोलायला बसण्याआधी एक आठवडा दोघांनी वेगवेगळं टिपायचं. घरात काय काय झालं, कोणी केलं, कोणाच्या लक्षात आलं. एकमेकांचे कागद आठवडा संपेपर्यंत पाहायचे नाहीत. यामागे कारण आहे. मायकेल रॉस आणि फिओर सिकोली ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवलं की नवरा-बायकोला घरकामात आपापला वाटा किती हे विचारलं, तर दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाते. खोटं कोणीच बोलत नसतं. स्वतः केलेलं प्रत्येकाला आठवतं, दुसऱ्याचं तितकं आठवत नाही. दोन कागद शेजारी ठेवले की “मीच सगळं करते” आणि “मीही करतोच की” हा वाद बराचसा मिटतो. तुमच्या कागदावर ‘लक्षात आलं’ हा रकाना लांबच लांब निघेल. तो नवऱ्याने स्वतः वाचणं हे तुम्ही तोंडाने सांगण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

मग त्या यादीतली वेळेला बांधलेली कामं वेगळी काढा. कपडे धुणं रात्रीही होतं, रविवारीही होतं. मुलीला दीड वाजता घरात घेणं दीड वाजताच होतं. नोकरीवरून घरात जी ओढाताण होते ती जवळपास सगळी ह्या दुसऱ्या प्रकारच्या कामांवरून होते, म्हणून आधी तीच सोडवायची.

तुमच्या घरात मला ती अशी दिसतात. सकाळी तुम्हाला पावणेनऊला निघावं लागेल. नवऱ्याचं ऑफिस दहाला आहे, म्हणजे सकाळ त्याच्याकडे तुमच्यापेक्षा मोकळी आहे. तेव्हा मुलांना उठवण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंतची सकाळ त्याची. मी हे ‘दोघं मिळून’ ठेवायला सांगणार नाही. दोघं मिळून ठेवलेली सकाळ पंधरा दिवसांत तुमचीच होते. संध्याकाळी तो आठला येणार, तुम्ही पावणेसातला. म्हणजे रात्रीचं जेवण आणि अभ्यासावर नजर तुमच्याकडे येणार, ते ठीक आहे. खरा प्रश्न दीड ते पावणेसात ह्या सव्वापाच तासांचा आहे.

तिथे सासूबाई आहेत असं सगळे धरून चालतील. कदाचित त्याही धरतील, आणि इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. दुखऱ्या गुडघ्यांच्या आजीवर सात वर्षांच्या मुलीचे रोजचे सव्वापाच तास टाकले, तर पहिला महिना निघतो. दुसऱ्या महिन्यात त्या थकतात. तिसऱ्या महिन्यात घरात कोणीतरी म्हणतं, “आईला झेपत नाही, तुझी नोकरी…”. प्रश्न त्यांच्या तब्येतीचा असतो, पण तो तुमच्या नोकरीवर येऊन बसतो.

त्यामुळे पहिलं, सासूबाईंशी आधी त्यांच्या मुलाने बोलावं. तुम्ही एकट्याने विचारलंत तर ती सुनेची मागणी होते. त्याने विचारलं की ते घराचं ठरवणं होतं. दुसरं, त्यांना काय काय आवडेल आणि काय नको आहे हे त्यांनाच विचारा. एखाद्या आजीला मुलांना गोष्ट सांगायला, शेजारी बसवून अभ्यास करून घ्यायला आवडतं, पण दार उघडायला चारदा उठणं, वाढणं-काढणं नको असतं. तिसरं, जे ठरेल त्याला सीमा हवी. माझा सल्ला असा: दीड ते साडेपाच पगारी बाई असावी. अंगमेहनतीचं सगळं तिच्याकडे. आजींनी फक्त घरात मोठं माणूस म्हणून असावं. साडेपाच ते पावणेसात मुलं खेळतील किंवा आजींजवळ बसतील. आठवड्यातला एक दिवस आजींना पूर्ण मोकळा. त्या दिवशी बाई पावणेसातपर्यंत थांबेल. तो दिवस आधीच ठरलेला असला, तर “आज मला बरं वाटत नाही” असं संकोचून सांगायची वेळ त्यांच्यावर कमी येते.

आता पैशांचं, कारण नवऱ्याच्या मनात खरी अडचण तीच दिसते. “तुझा निम्मा पगार त्यात जाणार” हा हिशेब मांडायची पद्धतच चुकीची आहे, आणि तुम्ही लेखापाल असूनही ती मान्य केली असावी असं मला वाटतं. तुमचा हातात येणारा पगार १०० धरा, नवऱ्याचा २२०. बाई आणि तुमचा प्रवास मिळून ४५. तुमच्या पगारातून वजा केले तर ५५ उरतात आणि नोकरी फुकाची वाटते. पण मुलं दोघांची आहेत. घराच्या ३२० मधून ४५ जातात, म्हणजे सुमारे सातवा हिस्सा. ते ४५ दिल्यावरही घरात आधीच्या २२० ऐवजी २७५ येतात. शिवाय हा खर्च कायमचा नाही. तीन वर्षांनी मुलगी दहाची होईल, मुलगा पंधराचा, आणि दुपारची गरज बरीच उतरेल. त्याच काळात तुमचा पगार वाढता राहील. आज नोकरी नाकारलीत तर नऊ वर्षांचा खंड बारा वर्षांचा होईल, आणि लेखा क्षेत्रात सॉफ्टवेअर आणि करांचे नियम इतके बदलत राहतात की खंड लांबेल तसं परतणं अवघड होत जातं. ह्या बाकीच्या ओळी कागदावर मांडा. आकडे तुमचे खरे घाला, मी घेतलेले फक्त पद्धत दाखवायला आहेत. खऱ्या आकड्यांत खर्च पगाराच्या वर जात असेल, तर मात्र थांबून विचार करावा लागेल. तेव्हा कमी तासांची नोकरी जास्त शहाणपणाची ठरू शकते.

प्रत्यक्ष बोलणं कधी आणि कसं, याबद्दल थोडं. रात्री अकराला दमलेले असताना नको, मुलांसमोर नको, आणि भांडणाच्या शेवटी तर अजिबात नको. सुट्टीच्या सकाळी तासभर, दोन्ही कागद समोर घेऊन. सुरुवात तक्रारीने केलीत तर तो बचाव करेल. ती अशी करून पाहा: “मी एक तारखेपासून पावणेनऊ ते पावणेसात घरात नसेन. त्या वेळात ही अकरा कामं पडतात. यातली कुठली पूर्णपणे तुझी राहतील? मला त्यांची आठवण करून द्यावी लागणार नाही अशी.” अकराच्या जागी तुमचा आकडा येईल. तो “बघू, जमेल तसं” म्हणाला, तर तिथे विषय सोडू नका. “पहिल्या सोमवारी दीड वाजता दार कोण उघडणार?” एवढंच विचारा. नेमक्या वाराचा आणि वेळेचा प्रश्न आला की मोघम उत्तर देता येत नाही.

आजारी मुलाचा दिवस त्याच बैठकीत ठरवा. रजा कोण घेणार हे मूल तापल्यावर सकाळी सातला ठरवायला गेलात, तर ती तुम्हीच घ्याल, कारण आजवर तसंच चाललंय. पहिले काही महिने तुम्ही परिवीक्षेवर असाल तर तुमची एक रजा त्याच्या रजेपेक्षा महाग आहे. त्याची नोकरी पक्की आहे, तुमची अजून कसोटीवर आहे. म्हणून परिवीक्षा संपेपर्यंत पहिली पाळी त्याची. दुखणं लांबलं तर तिसऱ्या दिवशी तुम्ही. त्यानंतर आळीपाळीने. तो म्हणेल, मार्चमध्ये माझ्याकडे फार काम असतं. हरकत नाही, त्या महिन्यात पाळी उलटी करा, पण कॅलेंडरात आत्ताच लिहून ठेवा.

ठरल्यावर रुजू होण्याआधी किमान दोन आठवडे तालीम घ्या. हे बायका टाळतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण सगळ्यात जास्त फायदा ह्याचाच होतो. पावणेनऊला खरोखर घराबाहेर पडायचं, पावणेसातला परतायचं. वाचनालयात बसा, नव्या सॉफ्टवेअरचा सराव करा, काहीही करा. घरून फोन आला तर फक्त तातडीचाच घ्यायचा. कोणत्या गोष्टी फक्त तुमच्याच डोक्यात होत्या ते तालमीत बाहेर येतं. शाळेकडे फक्त आईचा नंबर आहे. मुलांच्या डॉक्टरांची फाईल कुठल्या कप्प्यात ते कोणाला माहीत नाही. नव्या बाईला मुलीच्या औषधाची ॲलर्जी कोणी सांगितलेली नाही. शाळेतला पहिला नंबर नवऱ्याचा करून घ्या. साधा बदल वाटतो, पण एकदा तो झाला की मूल पडलं, बस चुकली, फी राहिली, ह्या सगळ्या वेळी आधी त्याचा फोन वाजतो.

यातही एक ठेच हमखास लागते. ती एका जोडप्याच्या उदाहरणाने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. बाईने नवऱ्याकडे मुलाची शाळा सोपवली. दुसऱ्याच आठवड्यात तो सहलीचा संमतीचा कागद द्यायला विसरला. तिला ग्रुपवर ते दिसलं, कारण ती अजून ग्रुपमध्ये होती. तिने ऑफिसातून फोन करून शिक्षकांची विनवणी केली, कागद पोचवला आणि रात्री नवऱ्याला सुनावलं. महिन्याभरात शाळा पूर्ण तिच्याकडे परत आली. दोघांनाही तेच नैसर्गिक वाटलं: तिला वाटलं त्याला जमत नाही, त्याला वाटलं तिला पसंतच पडत नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही तीन गोष्टी बदलल्या. ती ग्रुपमधून बाहेर पडली. ‘पुरेसं’ म्हणजे काय हे आधी लिहिलं गेलं: फी आणि कागद तारखेआधी, मूल वेळेवर, कपडे स्वच्छ, डबा कसा भरला आणि केस कसे विंचरले हे त्याचं त्याने बघायचं. आणि काही विसरलं तर शाळेशी तोच बोलणार असं ठरलं. पुढे एकदा पुन्हा एक कागद राहिला. मुलाला वर्गात थांबावं लागलं, त्याला रडू आलं, आणि वडिलांनीच त्याची समजूत काढली. त्यानंतर कॅलेंडर त्याने स्वतः लावलं. आईला तो दिवस फार कठीण गेला, हे मी लपवणार नाही. पण तिने मध्ये उडी मारली असती, तर कॅलेंडर तिच्याच फोनमध्ये राहिलं असतं.

सारा ॲलन आणि ॲलन हॉकिन्स ह्या अभ्यासकांनी १९९९ साली आईच्या अशा राखणदारीबद्दल लिहिलं आहे: आपणच ठरवलेले कडक निकष, काम पुन्हा हातात घेणं, आईपण म्हणजे सगळं आपण करणं ही ओळख. त्यांच्या अभ्यासात अशा राखणदार आया घरकामावर जास्त तास घालवत होत्या आणि वाटणीही जास्त विषम होती. हे सांगताना मला सावध राहावंसं वाटतं, कारण “तूच करू देत नाहीस” असं म्हणून हात झटकणारे नवरेही मी पुष्कळ पाहिलेत. फरक ओळखायचा सोपा मार्ग आहे. तुम्ही खरोखर बाजूला झाल्यावर तीन-चार आठवड्यांत त्याचं काम सुधारतंय का? सुधारत असेल तर अडचण निकषांची होती. प्रत्येक वेळी तीच चूक, तेच “विसरलो”, आणि स्वतःच्या ऑफिसात मात्र काहीच विसरत नसेल, तर त्याने ती जबाबदारी घेतलेलीच नाही. मग तेच शब्द त्याच्यासमोर ठेवावे लागतात.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे घर विस्कटलेलं राहील. तेवढ्यावरून घाईने निष्कर्ष काढू नका. त्याऐवजी दुसऱ्या काही खुणा पाहा. दिवसात किती वेळा “अमुक कुठे आहे?” असा फोन येतो? झोपण्याआधी उद्याची यादी कोणाच्या डोक्यात फिरते? रात्री दहानंतर तुम्ही त्याचं राहिलेलं काम गुपचूप उरकता का? तिसरी खूण सगळ्यात वाईट, कारण ती फक्त तुम्हालाच दिसते आणि त्याला वाटत राहतं की सगळं छान चाललंय. तसं दिसलं तर आठवड्याला वीस मिनिटांची बैठक ठेवा. तिच्यात गेल्या आठवड्यात काय राहिलं आणि येत्या आठवड्यात वेगळं काय आहे, इतकंच. विषयांची अदलाबदल करायची असेल तर तीही तिथेच, मधल्या वारी भांडून नाही.

आणि बोलूनही तो काहीच घ्यायला तयार नसेल तर? तर त्याची उणीव तुमच्या झोपेतून भरून काढू नका. मुलांच्या सुरक्षिततेचं आणि खाण्या-औषधाचं सोडून, त्याच्या वाट्याची कामं पडू द्या किंवा घराच्या सामाईक पैशांतून बाहेरून करून घ्या. पण तो तुमची नोकरीच होऊ देत नसेल, पगार त्याच्या खात्यात मागत असेल, किंवा तुम्हाला भीती वाटत असेल, तर वाटणीच्या ह्या युक्त्या तिथे चालत नाहीत. मग आधी एखाद्या समुपदेशकाला किंवा कायद्याच्या जाणकाराला एकट्याने भेटा. तुमच्या पत्रातून तसं काही वाटत नाही.

जमेल का, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या वेळा पाहता जमण्यासारखं आहे. सकाळ नवऱ्याची मोकळी आहे, संध्याकाळी तुम्ही त्याच्या आधी पोचता, आणि मधले सव्वापाच तास पैशांनी आणि आजींच्या सोबतीने भरता येतात. फक्त एक काम दीड महिन्यातल्या पहिल्याच पंधरवड्यात करा. घरची यादी झाल्यावर, रुजू होण्याआधी, तुमच्या नव्या वरिष्ठांशी बोला. महिनाअखेरीला उशिरापर्यंत थांबावं लागतं का आणि किती दिवस, हे लेखा विभागात विचारायलाच हवं, आणि ते दिवस आधी कळले तर बाईला आणि नवऱ्याला त्या तारखा आत्ताच देता येतील. रोज नऊला येऊन साडेपाचला निघायची मुभा मिळते का, तेही विचारा. मिळाली तर सकाळी सव्वाआठला निघाल आणि सव्वासहाला घरी असाल, म्हणजे आजींचा एकटीचा वेळ पाऊण तासावर येईल. जे कबूल होईल ते ईमेलवर लेखी घ्या, कारण रुजू झाल्यावर वरिष्ठ बदलू शकतात.